बंदूक वाजली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

*मी ४७ वर्षांची, सांगलीची. गेल्या महिन्यात एका मोठ्या शहरात हाफ मॅरेथॉन पळाले. आयुष्यात पहिल्यांदा दोन तासांच्या आत आले असं मला वाटत होतं, घड्याळात १:५९:२० दिसत होतं. निकालात मात्र गन टाइम २:०३:४७ आणि चिप टाइमही २:०३:४७! मी तर अगदी मागच्या गटात उभी होते. आमच्या ग्रुपमधली मैत्रीण खांद्याला खांदा लावून माझ्यासोबत निघाली, तिचे दोन आकडे वेगवेगळे आहेत: गन २:०९:२०, चिप २:०४:४६. शर्यत साडेपाचला सुटणार होती. मी घड्याळ ५:३६:४५ ला सुरू केलं. त्या हिशेबाने तर माझी वेळ १:५७ येते, म्हणजे घड्याळाशीही जुळत नाही. आमच्या वयोगटात तिसरं बक्षीस मिळालेल्या बाईंचा गन टाइम २:०२:१० आणि चिप टाइम २:००:०५ आहे. माझी वेळ नीट लागली असती तर ते बक्षीस माझं होतं ना? नियमपत्रकात “सर्व क्रमांक गन टाइमनुसार” असं आहे, पण चूक त्यांची असताना नियम कसला दाखवतात? आयोजकांना कडक पत्र लिहायचं आहे. कसं लिहू?*

— एक धावणारी, सांगली

ताई, पत्र लिहाच. पण कडक नको, आणि बक्षिसासाठी तर नकोच. त्या सकाळी तुमची एक गोष्ट हरवली आहे आणि ती परत मिळण्यासारखी आहे. बक्षीस त्यात येत नाही. का ते सांगतो. थोडं गणित करावं लागेल, पण ते तुमच्याच आकड्यांचं आहे.

आधी निकालातले दोन आकडे घेऊ. गन टाइम म्हणजे शर्यत सुटल्याच्या क्षणापासून तुम्ही शेवटची रेष ओलांडेपर्यंतचा वेळ. हल्ली बंदूक क्वचितच वाजते, कुणी हूटर वाजवतं, कुणी पाहुण्यांच्या हातात झेंडा देतं, पण नाव गनच राहिलं आहे. हे घड्याळ सगळ्यांसाठी एकदाच सुरू होतं. तुम्ही पहिल्या रांगेत असा की पार मागे फिरत्या शौचालयाच्या रांगेत, ते चालूच असतं. चिप टाइम, ज्याला नेट टाइमही म्हणतात, तो तुमच्यापुरता असतो. तुम्ही सुरुवातीची मॅट, म्हणजे रेषेवर अंथरलेली, धावणाऱ्याची नोंद टिपणारी चटई, ओलांडली तिथपासून शेवटची मॅट ओलांडली तिथपर्यंत. म्हणून गन टाइममधून चिप टाइम वजा केला की त्या माणसाला सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते कळतं. ही वजाबाकी लक्षात ठेवा, सगळं पत्र तिच्यावर उभं राहणार आहे.

तुमच्या मैत्रिणीची वजाबाकी करा. २:०९:२० मधून २:०४:४६ गेले, उरले ४ मिनिटं ३४ सेकंद. म्हणजे हूटर वाजल्यावर ४ मिनिटं ३४ सेकंदांनी ती सुरुवातीच्या मॅटवर होती. तुमची वजाबाकी शून्य येते. हूटर वाजला त्याच क्षणी तुम्ही मॅटवर होतात, असं निकाल म्हणतो आहे. मैत्रीण खांद्याला खांदा लावून होती आणि तुम्ही मात्र तिच्या साडेचार मिनिटं पुढे! हे होणार कसं? तर सुरुवातीच्या मॅटने तुम्हाला टिपलंच नाही. आणि बऱ्याच ठिकाणी निकालाच्या सॉफ्टवेअरची अशी सोय असते की सुरुवातीची नोंद नसेल तर हूटरची वेळ हीच त्या माणसाची सुरुवात धरायची. माणूस निकालातून गळू नये म्हणून केलेली सोय आहे ती, पण त्यामुळे दोन्ही आकडे तंतोतंत एक येतात. मागच्या गटातल्या माणसाचे गन आणि चिप सेकंदासकट सारखे दिसले, तर पहिला संशय हाच घ्यायचा.

मी दोन वर्षं अशाच एका शर्यतीत मॅटपाशी स्वयंसेवक म्हणून उभा राहिलो आहे, तेव्हा हे कसं घडतं ते जवळून पाहिलं आहे. तुमच्या बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या मागे एक चपटी पट्टी चिकटवलेली असते, खाली फोमचा पातळ थर असतो. तीच चिप. तिला बॅटरी नसते. मॅटमधल्या अँटेनाकडून रेडिओलहर येते, तेवढ्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. पूर्वी बुटाच्या नाडीत अडकवायचे ते गोल प्लॅस्टिकचं चिपही असंच बिनबॅटरीचं होतं, फक्त त्याच्या लहरी वेगळ्या होत्या आणि ते मॅटच्या अगदी लगत यायचं. बिबवरच्या चिपच्या लहरींचा एक मोठा शत्रू आहे: पाणी. आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. फोमचा तो थर असतो तो चिप अंगापासून जरा दूर राहावी म्हणून. बिबवर विंडचीटर आला, पट्टा फिरून बिब पाठीमागे गेलं, पिन लावताना कडेने दुमडलं, किंवा कमरेची पाण्याची बाटली नेमकी पट्टीवर आली की मॅटला ते बिब ऐकू येत नाही.

शेवटच्या रेषेवर माणसं सुटी सुटी येतात, म्हणून तिथे नोंद सहसा चुकत नाही. सुरुवातीला मागच्या गटात काय असतं ते तुम्ही पाहिलंच आहे: माणसाला माणूस चिकटून, एकमेकांच्या आडोशाने, कुणी फोन उंच करून व्हिडिओ काढतंय. मॅटही एक अखंड चादर नसते, रस्त्याच्या रुंदीवर तिचे बरेच तुकडे शेजारी शेजारी जोडलेले असतात. एखाद्या तुकड्याची वायर कुणाच्या पायाने सैल झाली, की त्या पट्ट्यावरून गेलेली माणसं गेली! आमच्याकडे एकदा डाव्या कडेची जोडणी पहाटेच सुटली होती आणि ते कळलं तेव्हा दोन गट निघून गेले होते. पुढचा सगळा दिवस निकालाच्या तंबूत फोन वाजत होता.

तुमची अडचण बिबची की मॅटची, हे तुम्ही घरबसल्या पाहू शकता. निकालाच्या यादीत तुमच्या गटातली माणसं शोधा, ज्यांचा गन आणि चिप एकच आहे अशी. तुम्ही एकट्याच असाल तर बहुधा तुमचं बिब झाकलं गेलं होतं. सुरुवातीचे फोटो काढून बघा, बिब समोर आणि उघडं दिसतंय का. तशी माणसं वीस-पंचवीस निघाली तर मॅटचा एखादा तुकडा बंद होता, आणि मग आयोजकांना बहुधा तुमच्या आधीच ठाऊक असेल. दोन्ही प्रकारांत दुरुस्ती मागता येते. फरक एवढाच की पहिल्या प्रकारात “तुमच्या मॅटने घोळ घातला” असं लिहून बसलात, आणि त्यांनी तुमचा विंडचीटर घातलेला फोटो परत पाठवला, तर पुढचं बोलणं अवघड होतं.

आता १:५७ चं कोडं. साडेपाच ही पत्रिकेवरची वेळ आहे. शर्यत कधी सुटली ती वेळ वेगळी. आपल्याकडे मंचावरची भाषणं आणि पत्रिका यांचं नातं तुम्हाला मी काय सांगणार! खरी वेळ तुमच्याच घड्याळातून काढता येते. जीपीएसचं घड्याळ उपग्रहांकडून वेळ घेतं, म्हणून त्याची वेळ सेकंद-दीड सेकंदात बरोबर असते, साध्या मनगटी घड्याळासारखी दोन मिनिटं पुढे नसते. तुम्ही ५:३६:४५ ला सुरू केलं आणि १:५९:२० पळून थांबवलं, म्हणजे थांबवलं तेव्हा ७:३६:०५ वाजले होते. आपण सगळे रेष ओलांडून दोन-तीन पावलं पुढे जाऊनच बटण दाबतो, तीन सेकंद धरू. मग तुम्ही शेवटच्या मॅटवर होतात ७:३६:०२ ला. तुमचा गन टाइम २:०३:४७. ७:३६:०२ मधून तो वजा करा: शर्यत सुटली ५:३२:१५ ला. सव्वादोन मिनिटं उशिरा. आणि त्यात मैत्रिणीची ४:३४ मिळवली की ती मॅटवर होती ५:३६:४९ ला. तुमचं घड्याळ सुरू झालं ५:३६:४५ ला, म्हणजे मॅटच्या तीन-चार सेकंद आधी, जसं सगळेच करतात. सगळं एकमेकांत बसतं. तुम्ही मॅट ओलांडली साधारण ४ मिनिटं ३३ सेकंदांनी, आणि तुमचा चिप टाइम १:५९:१४ च्या आसपास आहे. १:५७ नाही, १:५९:२० पण नाही.

हे मी इतक्या बारकाईने का सांगतो आहे? कारण साडेपाच धरून १:५७:०२ मागणारी पत्रं तंबूत बरीच येतात. टायमिंगवाल्यांकडे हूटरची नेमकी वेळ असते, ती पाहिली की अशी मागणी पहिल्याच ओळीत खोटी ठरते आणि खालचं खरं कुणी वाचत नाही.

तुमच्या निकालातच आणखी एक पुरावा असणार. प्रमाणपत्राच्या खाली मधल्या टप्प्यांच्या वेळा असतात. ५ किलोमीटरच्या मॅटवर तुमची वेळ किती लिहिली आहे ते बघा. तुमचा चिप टाइम १:५९:१४ असेल तर सरासरी किलोमीटरला ५ मिनिटं ३९ सेकंद पडते. त्या वेगाने ५ किलोमीटर सव्वाअठ्ठावीस मिनिटांत होतात. पण निकालात सुरुवात हूटरपासून धरल्यामुळे तिथे ३२:५३ सारखा काहीतरी आकडा असेल, म्हणजे किलोमीटरला ६:३५. त्यापुढे दहाच्या मॅटवर १:०१:०८, पंधराला १:२९:२८ असं काहीसं. पाच ते दहा आणि दहा ते पंधरा वजा करून पाहा. मधले दोन्ही तुकडे २८ मिनिटं आणि थोडे सेकंद निघतील. म्हणजे पहिले पाच किलोमीटर कुणीतरी ६:३५ ने रमतगमत आलं आणि सहाव्या किलोमीटरपासून अचानक ५:३९ चा ताल धरून शेवटपर्यंत सेकंदाने हललं नाही! असं कुणी पळत नाही. गर्दीमुळे पहिला किलोमीटर हळू जातो, खरं, पण साडेचार मिनिटं नाही खात. हा पुरावा आयोजकांच्याच मॅटचा आहे, तुमच्या घड्याळाचा नाही, म्हणून तो सगळ्यांत वजनदार.

घड्याळात २१.३४ किलोमीटर दाखवलं वगैरे मात्र पत्रात काढू नका. वळणं बाहेरून घेतली, उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटलं, की अंतर वाढतंच. त्याचा या प्रश्नाशी काही संबंध नाही, आणि मोजणीदार लोकांना त्या वाक्याची चीड आहे.

आता बक्षिसाकडे येऊ. तुम्हाला राग आहे, तो मला कळतो. पण नीट बघा, चूक कुठे झाली? सुरुवातीच्या मॅटवर. गन टाइमला सुरुवातीची मॅट लागतच नाही. तो हूटर आणि शेवटची मॅट यांच्यातला वेळ आहे, आणि शेवटच्या मॅटने तुम्हाला व्यवस्थित टिपलं. म्हणजे २:०३:४७ हा तुमचा गन टाइम चुकीचा नाही. तिसऱ्या आलेल्या बाई २:०२:१० ला आल्या. तुमच्या दीड मिनिटाहून जास्त आधी त्या रेष ओलांडून उभ्या होत्या. नियमपत्रकात क्रमांक गन टाइमनुसार असं असेल, तर चिप दुरुस्त झाल्यावरही तुमचा क्रमांक तिथेच राहतो. चिप टाइमने तुम्ही त्यांच्यापेक्षा ५१ सेकंद वेगवान आहात हे खरं, आणि तरीही.

हा नियम आयोजकांनी अंगाशी आल्यावर काढलेला नाही. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांत रस्त्यावरच्या शर्यतीची अधिकृत वेळ हूटरपासून धरली जाते. मॅटपासूनची वेळ खेळाडूला सांगता येते, पण अधिकृत म्हणून नाही. त्यामागचा विचार असा: शर्यत म्हणजे समोर दिसणाऱ्या माणसाला गाठणं. जी बाई तुमच्या साडेचार मिनिटं मागून निघाली तिच्याशी तुम्ही शर्यत कशी लावणार? तुम्हाला ती दिसतही नाही.

याचा सगळ्यांत गाजलेला किस्सा २००८ मधला, सॅन फ्रान्सिस्कोचा. नायकीने भरवलेल्या महिलांच्या मॅरेथॉनमध्ये एरियन ओकॉनेल नावाची शाळामास्तरीण सामान्य गटातून पळाली, २:५५:११ मध्ये. एलिट, म्हणजे अव्वल खेळाडूंचा गट तिच्या आधी सुटला होता. विजेती म्हणून घोषित झालेल्या बाईंपेक्षा चिपच्या हिशेबात ती अकरा मिनिटं वेगवान निघाली, पण रेषेवर ती पहिली आली नव्हती. आयोजकांनी आधी नियम दाखवला, मग ओरड झाली आणि तिलाही विजेती म्हणून मान द्यावा लागला. त्याच वर्षी शिकागोत वेस्ली कोरिर सामान्य गटातून निघाला, एलिट खेळाडूंच्या पाच मिनिटं मागून, आणि २:१३:५३ पळून वेळेच्या हिशेबात चौथा आला. तो पुढे २०१२ मध्ये बॉस्टन जिंकला. त्याला चौथ्या क्रमांकाइतके पैसे आयोजकांनी वेगळे दिले, पण ते नियमाने नाही, खुशीने. तुमच्या शर्यतीत तसं कुणी करेल, या आशेवर पत्र लिहू नका. तिसऱ्या आलेल्या बाईंनी काही चूक केलेली नाही, आणि त्यांचं बक्षीस मागणारं पत्र आलं की आयोजक आधी बचावाला उभे राहतात. मग तुमची साधी दुरुस्तीही त्यात अडकते. शिवाय क्रमांकावर तक्रार करायची मुदत बहुतेक ठिकाणी निकाल जाहीर झाल्यावर अर्धा तास, फार तर त्याच दिवसापुरती असते. महिना होऊन गेला आहे.

तुमचं नुकसान झालं ते चिप टाइमचं, आणि ते लहान नाही. पुढच्या वर्षी मोठ्या शर्यतींत नाव घालताना कोणत्या गटात उभं करायचं ते याच प्रमाणपत्रावर ठरवतात, आणि तिथे बहुतेक ठिकाणी चिप टाइमच बघतात. बॉस्टनची पात्रतासुद्धा नेट टाइमवर असते. दोन तासांच्या आतलं प्रमाणपत्र हातात असेल तर तुम्ही पुढच्या गटात उभ्या राहाल, साडेचार मिनिटांऐवजी एका मिनिटात रेषेवर पोचाल, आणि तेव्हा गन टाइमचा नियम तुमच्या आड येणार नाही. म्हणून मागायचं ते हेच.

पत्र आयोजकांच्या निकालाच्या पत्त्यावर पाठवा. विषयातच बिब नंबर घाला, कारण तो टायमिंगच्या संस्थेकडे पुढे पाठवला जातो आणि तिकडे नावापेक्षा बिब शोधतात. साधारण असं लिहा:

> विषय: बिब क्र. (तुमचा नंबर), हाफ मॅरेथॉन: सुरुवातीच्या मॅटची नोंद तपासण्याची विनंती
>
> महोदय / महोदया,
>
> मी (तारीख) रोजीच्या हाफ मॅरेथॉनमध्ये (गटाचं नाव) गटातून धावले. निकालात माझा गन टाइम आणि चिप टाइम दोन्ही २:०३:४७ आहेत. मी मागच्या गटात होते, त्यामुळे सुरुवातीच्या मॅटवर माझी नोंद झाली नसावी असं वाटतं.
>
> माझ्यासोबत निघालेल्या बिब क्र. (मैत्रिणीचा नंबर) यांच्या गन आणि चिप टाइममध्ये ४ मिनिटं ३४ सेकंदांचा फरक आहे. माझ्या टप्प्यांच्या वेळांमध्ये पहिले ५ किमी ३२:५३ असून पुढचे ५ किमीचे दोन्ही टप्पे सुमारे २८:२० चे आहेत. माझ्या जीपीएस घड्याळानुसार सुरुवात ५:३६:४५ ला आणि शेवट ७:३६:०५ ला झाला. या सगळ्यांवरून माझा चिप टाइम साधारण १:५९:१४ असावा.
>
> कृपया माझ्या बिबच्या मूळ नोंदी, सुरुवातीच्या जोडमॅटसह, आणि उपलब्ध असल्यास त्या वेळचं चित्रीकरण तपासून चिप टाइम दुरुस्त करावा व नवं प्रमाणपत्र द्यावं. गन टाइम आणि क्रमांकाबद्दल माझी हरकत नाही.
>
> सोबत: घड्याळाची मूळ फाइल, सुरुवातीचा फोटो, दोघींच्या निकालांची चित्रं.

तीन गोष्टींबद्दल थोडं सांगतो. टप्प्यांच्या वेळा मी अंदाजाने भरल्या आहेत, तुमच्या प्रमाणपत्रावरच्या आहेत तशा घाला. मैत्रिणीला तिचा नंबर वापरू का ते आधी विचारा. आणि “साधारण” हा शब्द खोडू नका. तुम्हाला आकडा कळला आहे असा आव आणलात तर ते तुमच्या आकड्याशी भांडतील. “साधारण” लिहिलंत तर ते स्वतः आकडा शोधतील, आणि तेच आपल्याला हवं आहे.

जोडमॅट म्हणजे मुख्य मॅटच्या थोडं पुढे घातलेली दुसरी मॅट. चांगले आयोजक ती ठेवतात. पहिलीवर नोंद चुकली आणि दुसरीवर झाली असेल, तर टायमिंगवाल्याच्या दृष्टीने काम दोन मिनिटांचं आहे. त्यांच्याकडे प्रत्येक चिपच्या सगळ्या नोंदी असतात. एका माणसाच्या एका ओलांडण्याच्या दहा-वीस नोंदी होतात आणि निकालात त्यातली एकच वापरली जाते. हूटरच्या आधी मॅटवर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांच्या नोंदीही तिथे असतात, त्या गाळतात. तुमची नोंद कुठल्यातरी गाळणीत अडकली असेल तर तीही इथेच सापडेल. दुसरी मॅट नसेल तर चित्रीकरण बघतात, तेही नसेल तर तुमच्या मैत्रिणीच्या नोंदीवरून वेळ भरतात. अशा हाताने भरलेल्या वेळेला काही ठिकाणी निकालात खूण करतात. त्याला हरकत घेऊ नका, प्रमाणपत्र चालतं. घड्याळाची फाइल म्हणजे मूळ फाइलच पाठवा, ॲपचं स्क्रीनचित्र नको. त्यात वेळ बदलता येते हे त्यांनाही माहीत आहे.

एक सेकंद इकडे तिकडे झाला तर घाबरू नका. रस्त्याच्या शर्यतीत सेकंदाचा तुकडा उरला की पुढच्या पूर्ण सेकंदावर नेतात, १:५९:१३.४ असेल तरी १:५९:१४ होतं. आणि १:५९:१८ आला तरी तो तुमचा आहे, त्यावर दुसरं पत्र लिहू नका.

उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी त्याच पत्राला जोडून एकच ओळ लिहा: “बिब क्र. अमुकची सुरुवातीच्या मॅटवर नोंद आहे की नाही, एवढं कळवावं.” या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असंच येऊ शकतं, म्हणून टाळणं जड जातं. “आमच्या प्रणालीनुसार निकाल योग्य आहे” असं ठरीव उत्तर आलं, तरी हीच ओळ परत पाठवा. सोशल मीडियावर बोंब ठोकायची वेळ त्यानंतर, आणि माझ्या मते तिथेही आकडे टाका, विशेषणं नकोत.

नवं प्रमाणपत्र आलं की फक्त वरचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका. खाली टप्प्यांच्या वेळाही साडेचार मिनिटांनी मागे सरकलेल्या हव्यात. कधीकधी घाईत एकूण वेळ बदलतात आणि टप्पे तसेच राहतात. मग पुढच्या शर्यतीत प्रमाणपत्र तपासणारा माणूस पाहतो की पहिले पाच किलोमीटर ३२:५३ आणि एकूण १:५९:१४, आणि त्याला वाटतं मधे कुणीतरी रस्ता कापला. पाच किलोमीटरसमोर २८:२० च्या जवळचा आकडा दिसतोय का ते आधी बघा, नसेल तर त्याच दिवशी परत कळवा.